मावशींना कळवायचं कसं आणि मनूला केव्हा सांगायचं

प्रश्न: आमची मुलगी मनू पावणेतीन वर्षांची आहे. ती सात महिन्यांची असल्यापासून मावशी तिला सकाळपासून संध्याकाळपर्यंत सांभाळतात. आता सहा आठवड्यांनी आम्ही दुसऱ्या शहरात राहायला जातोय. मावशींना मेसेज लिहायला बसते आणि दोन ओळींपुढे गाडी जात नाही. काय लिहू? मनूला कोणी आणि केव्हा सांगायचं? ती त्यांना एक दिवस सोडत नाही.

उत्तर: पहिली बातमी मेसेजने देऊ नका. समोर बसून तोंडी सांगा आणि मेसेज त्याच रात्री पाठवा. मेसेज पाठवला तर मावशी तो बहुधा मनू मांडीवर असतानाच वाचतील. त्यांचा चेहरा बदललेला मनूला लगेच दिसेल, आणि का बदलला हे तिला कोणीच सांगणार नाही. त्यांच्या सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी मनूला दुसऱ्या कोणाकडे द्या आणि दहा मिनिटं बसा. तीनच गोष्टी सांगा: आम्ही जातोय, तुमचा शेवटचा दिवस हा, आणि पगाराचं सगळं आज रात्री लिहून पाठवते. अशा वेळी ऐकणाऱ्याच्या डोक्यात यापेक्षा जास्त शिरत नाही. मेसेजचा उपयोग त्यानंतर होतो, कारण तो पुन्हा वाचता येतो आणि घरच्यांना दाखवता येतो.

हे याच आठवड्यात करा. आधी सांगितलं तर मावशी दुसरं काम धरून मधेच निघून जातील, या भीतीने बरेच पालक शेवटच्या दहा दिवसांपर्यंत थांबतात. भीती खोटी नाही. पण त्यावर उपाय म्हणून बातमी लपवू नका, शेवटच्या तारखेपर्यंत थांबल्यास जास्तीचा पगार द्या आणि तो लिहून कबूल करा. घरात खोकी दिसायला लागली की कळायचं ते कळतंच. मग मावशींच्या मनात राहतं की यांनी मला विश्वासात घेतलं नाही, आणि मनूचा निरोप नीट व्हायला ज्यांची सगळ्यात जास्त मदत लागणार त्याच दुखावलेल्या असतात.

आता मेसेज. दोन ओळींपुढे गेलेला मसुदा साधारण असा होतो:

> मावशी, सांगायला खूप जड जातंय. तुम्ही आमच्या घरातल्याच आहात. मनू तुमच्याशिवाय कशी राहणार काही कळत नाही. पण आम्ही लवकरच भेटायला येऊ आणि तुम्ही रोज व्हिडिओ कॉल करा.

यातलं प्रत्येक वाक्य मनापासून आलेलं आहे, तरी मेसेज चुकतो. शेवटचा दिवस कोणता, पगाराचं काय, याबद्दल त्यात एक शब्द नाही, त्यामुळे मावशींना तो विषय स्वतः काढावा लागेल, आणि ‘घरातल्याच आहात’ हे वाचल्यानंतर पैशांचं विचारणं फार अवघड होतं. ‘मनू कशी राहणार’ या ओळीने तुमची काळजी त्यांच्या गळ्यात पडते. त्यांच्या हातून एक मूल सुटतंय आणि वर तुम्हाला धीरही त्यांनीच द्यायचा. ‘लवकरच भेटू’ याला तारीख नाही. आणि ‘रोज कॉल करा’ म्हणजे कामाचे दिवस संपल्यावरही चालू राहणारं बिनपगारी काम, जे नाकारलं तर त्याच निष्ठुर ठरतील.

म्हणून क्रम उलटा करा: आधी तारीख आणि पैसे, मग मनूबद्दलची विनंती, आणि प्रेमाची गोष्ट शेवटी, तीही एकच आणि डोळ्यांनी पाहिलेली. पैशांचं आधी स्पष्ट झालं की पुढची मायेची वाक्यं सारवासारव वाटत नाहीत. तुमच्या तारखा घालून मेसेज असा होईल:

> मावशी, नमस्कार. संध्याकाळी बोललो ते लिहून पाठवते, म्हणजे काही राहायला नको.
>
> तुमचा शेवटचा दिवस २६ तारीख, गुरुवार. आम्ही २९ला, रविवारी निघतो. तोपर्यंतचा पगार आणि पुढच्या एका महिन्याचा पगार २६ला एकत्र देऊ. तुमच्या सहा सुट्ट्या शिल्लक आहेत, त्यांचे पैसेही त्यात असतील. मधल्या दिवसांत दुसरं काम बघायला जायचं असेल तर आदल्या दिवशी सांगा, पगार कापणार नाही. तुमच्या कामाबद्दलचं पत्र या रविवारी देते. कोणाला आमच्याशी बोलायचं असेल तर माझा नंबर द्या.
>
> मनूला अजून सांगितलेलं नाही. १५ तारखेला, रविवारी आम्ही दोघं सांगू. तोवर तिच्यासमोर हा विषय नको. काय शब्द वापरायचे ते त्याआधी आपण एकदा बसून ठरवू.
>
> दात येत होते तेव्हा ती दिवसदिवस रडायची आणि तुम्ही तिला खांद्यावर घेऊन खिडकीशी उभ्या राहायचात. अजूनही रडू आलं की ती जाऊन त्याच खिडकीशी उभी राहते. रडू आल्यावर काय करायचं हे तिला तुम्ही शिकवलंत.
>
> आज उत्तर द्यायची घाई नाही.

करारात किंवा तुमच्याकडच्या कायद्यात जास्त मुदतीची नोटीस असेल तर तेवढी द्या, वरचा एक महिना नमुन्यादाखल आहे. खिडकीच्या जागी तुमच्या घरातली खरी गोष्ट लिहा. ‘तुम्ही खूप प्रेमाने सांभाळलंत’ हे कोणीही कोणालाही लिहू शकतं. खिडकीचं फक्त तुम्हीच लिहू शकता, आणि मावशी हा मेसेज जपून ठेवतील तो त्या ओळीसाठी. त्यांना लांब मजकूर वाचायला त्रास होत असेल तर हाच मजकूर दोन मिनिटांच्या आत आवाजात बोलून पाठवा, पण तारखा आणि पैशांचं लेखीही ठेवा.

मनूला ११ दिवस आधी सांगायचं, हे मी वय बघून धरलंय. पावणेतीन वर्षांच्या मुलाला ‘सहा आठवडे’ म्हणजे काय ते कळत नाही. त्याला ‘उद्या’ कळतं, आणि फार तर ‘अजून इतक्या वेळा झोपायचं’ हे कळतं. महिनाभर आधी सांगितलं तर ती रोज सकाळी विचारेल की आज जायचं का, आणि मावशी दार उघडून आत आल्या तरी तिला धाकधूक राहील. दोन दिवस आधी सांगितलं तर विचारायला, रडायला, पुन्हा पुन्हा तेच ऐकायला वेळच मिळत नाही. दोन ते तीन वर्षांच्या मुलांना दीड आठवडा पुरतो. चार-पाच वर्षांच्या मुलांना तीन-चार आठवडे द्यावेत, कारण त्यांना दिवस मोजता येतात आणि मोठ्यांचं कुजबुजणंही कळतं.

सांगायचं आईबाबांनी, मावशींनी नाही. मावशींनी सांगितलं तर मनूला वाटेल की सोडून जायचं त्यांनी ठरवलं. वाक्यं छोटी हवीत आणि घरातल्या सगळ्यांच्या तोंडी तीच हवीत: “आपण नव्या घरी राहायला जाणार. आई येणार, बाबा येणार, मनू येणार. मावशी त्यांच्या घरी राहणार, आपल्याबरोबर येणार नाहीत.” शेवटचं वाक्य म्हणताना घशात अडकतं आणि लोक ते गाळतात. तेच गाळू नका. कोण कोण येणार याची यादी ऐकल्यावर मूल मावशींचं नाव मनातल्या मनात त्यात घालून मोकळं होतं, आणि खरा धक्का नव्या घरात बसतो.

शब्द ठरवायला मावशींबरोबर बसाल तेव्हा तीन प्रसंगांची तयारी करा. मनू म्हणेल, “मावशी, तू पण चल ना.” त्यावर “बघू हं” किंवा “तू पुढे हो, मी येते” हे सहज तोंडून निघतं, आणि मूल ते शब्दशः खरं धरून दाराकडे बघत बसतं. त्याऐवजी त्यांनी म्हणावं, “मलाही तुझ्याबरोबर यावंसं वाटतं. पण माझं घर इथे आहे, मी इथे राहणार.” दुसरं, मनू विचारेल “का?”, आणि बऱ्याचदा या ‘का’च्या आत ‘मी त्रास दिला म्हणून का’ हा प्रश्न असतो. तिने तसं विचारलं नाही तरी एकदा सांगून टाका की तू काही चुकीचं केलं नाहीस, मावशी रागावलेल्या नाहीत. तिसरं, मावशींना तिच्यासमोर रडू आलं तर काय? डोळे पुसून “मला वाईट वाटतंय, पण मी ठीक आहे” असं म्हणावं आणि हातातलं काम पुढे चालू ठेवावं. एवढं चालतं. मनूला मिठीत घेऊन हुंदके देणं टाळायला सांगा, कारण मग समजूत घालायचं काम तिच्यावर येतं.

या ११ दिवसांत अजून एक काम आहे आणि मेसेज लिहिण्यापेक्षा ते महत्त्वाचं आहे. मनूची दुपारची झोप कशी लागते ते मावशींना माहीत आहे, तुम्हाला बहुधा पूर्ण माहीत नाही. “वेळापत्रक लिहून द्या” म्हटलं की त्या ‘एक वाजता झोपते’ एवढंच देतील, कारण बाकीचं त्यांच्या हाताला माहीत असतं, शब्दांत आलेलं नसतं. म्हणून एक दुपार शेजारी बसून बघा. ती कोणत्या कुशीवर वळते, मावशींच्या कानाची पाळी बोटांत धरते का, मावशी पाठीवर थोपटतात की कमरेवर, थोपटण्याचा वेग कधी कमी करतात, गुणगुणणं मधेच थांबलं तर ती डोळे उघडते का. कानाची पाळी धरणारी मुलगी नव्या घरात तुमच्या मानेशी चाचपडेल, आणि तुम्हाला वाटेल हिला झोपायचंच नाही. गुणगुणणं त्यांच्या आवाजात फोनवर रेकॉर्ड करून घ्या, मात्र ते लावून झोपवण्यासाठी नाही. चाल तुम्ही शिका आणि स्वतःच्या आवाजात म्हणा.

मग झोप टप्प्याटप्प्याने आपल्याकडे घ्या. पहिले दोन-तीन दिवस मावशी झोपवतील आणि तुम्ही शेजारी बसाल. पुढचे तीन दिवस तुम्ही झोपवाल आणि मावशी त्याच खोलीत बसतील. शेवटचे तीन-चार दिवस तुम्ही झोपवाल आणि मावशी बाहेरच्या खोलीत असतील. ती उठल्यावर मात्र मावशी दिसायला हव्यात. सुट्टी मिळत नसेल तर बाबा आणि आईने आलटून पालटून करावं, पण एवढी एक गोष्ट निघण्याआधी तुमच्या हाती आलेली असावी. रडारड झाली तर एक टप्पा मागे या. आंघोळ, जेवण, बाहेर फिरायला नेणं हे बदल मूल तुलनेने लवकर स्वीकारतं. झोपेचं तसं नसतं, कारण झोपताना पहारा सोडावा लागतो.

मावशींची वापरलेली ओढणी किंवा मऊ सुती कापड मागून घ्या, न धुतलेलं. ओळखीच्या वासाचा आधार मोठा असतो. ते मनूच्या हाताशी ठेवा, पण तिने बाजूला टाकलं तर आग्रह करू नका, कारण आधाराची वस्तू मूल स्वतः निवडतं. कदाचित ती कापड सोडून मावशींनी वापरलेला प्लास्टिकचा डबा उराशी धरेल. धरू द्या. (वर्षाच्या आतल्या बाळाच्या अंथरुणात सुटं कापड ठेवू नये. मनूच्या वयाला हरकत नाही.)

शेवटचा दिवस सामानाच्या गाडीच्या दिवशी नको. म्हणूनच वर २६ आणि २९ अशा वेगळ्या तारखा आहेत. घर रिकामं होताना मनूने मावशींना जाताना पाहिलं तर खुर्च्या, कपाट आणि मावशी एकाच दिवशी गायब झाल्याची आठवण राहते. २६ला दिवस नेहमीसारखाच जाऊ द्या. निरोप दाराशी, मनू जागी असताना, पाच मिनिटांत. “आज मी घरी जाते. उद्या मी येणार नाही. आपण फोनवर दिसू.” मग मिठी, आणि मावशी वळून चालायला लागतील. मनू रडली तरी परत फिरून यायचं नाही. तिला उचलून घ्यायचं काम तुमचं, आणि रडणं थांबेपर्यंत तिला खिडकीशी घेऊन उभं राहायचं.

ती झोपलेली असताना निघून जाण्याचा सल्ला खूप जण देतील. तेव्हा रडणं वाचतं हे खरं. पण मूल त्यातून शिकतं की डोळे मिटले की माणसं जातात. पुढे त्याचं चित्र असं दिसतं: रात्री झोपायला जोरदार विरोध, तुम्ही नुसतं बाथरूमला गेलात तरी मागे धावणं, मध्यरात्री उठून तुम्ही आहात का ते चाचपून बघणं. हे सुरू झालं असेल आणि निरोप राहून गेला असेल, तर पहिल्याच व्हिडिओ कॉलवर तो पूर्ण करून घ्या. मावशींनी म्हणावं, “मी तुला न सांगता गेले. तुला शोधावं लागलं. आता सांगते, मी माझ्या घरी आहे, आणि इथेच राहणार.”

नव्या घरी पोहोचल्यावर मावशींचं नाव घेणं बंद करू नका. तिने विसरावं म्हणून फोटो लपवणं हा उपाय उलटा पडतो. १९६०च्या दशकात जेम्स आणि जॉइस रॉबर्टसन या दांपत्याने, आई रुग्णालयात असलेल्या लहान मुलांना काही दिवस आपल्या घरी सांभाळलं आणि बारकाईने नोंदी ठेवल्या. मुलांपाशी आईचा फोटो ठेवणं, आईबद्दल त्यांच्याशी बोलणं, घरच्या सवयी तशाच चालू ठेवणं ही त्यांची पद्धत होती, आणि त्यांच्याकडची मुलं अस्वस्थ झाली तरी कोलमडली नाहीत. तुमच्याकडे तर आईबाबा दोघंही मुलीजवळ आहेत. मावशींचा एक फोटो मनूच्या उंचीवर लावा. ती म्हणाली “मावशी पाहिजे”, तर “त्या येतील हं” नको आणि “अगं हे बघ काय आणलंय” हेही नको. “मावशींची आठवण आली. मलाही येते. त्या त्यांच्या घरी आहेत.” दिवसात दहा वेळा म्हणावं लागलं तरी दहाही वेळा हेच.

कॉलबद्दल मावशींना आधी विचारा, गृहीत धरू नका. त्या दुसऱ्या घरी कामाला लागल्या असतील तर दुपारी फोन घेणं त्यांना अडचणीचं जाईल. त्यांची तयारी असेल तर पहिला कॉल पोहोचल्यावर तीन-चार दिवसांत. पहिले दोन आठवडे दर आठवड्याला दोन कॉल, मग आठवड्याला एक, मग महिन्याला एक. वार आणि वेळ ठरलेली, पाच मिनिटं पुरे. या वयाची मुलं पडद्यावर गप्पा मारत नाहीत, म्हणून काहीतरी करायला ठेवा: मावशी तेच गाणं म्हणतील, मनू तिची चप्पल आणून दाखवेल. “मला ओळखलंस का?” आणि “येतेस का माझ्याकडे?” हे दोन प्रश्न नकोत. पहिल्यात परीक्षा आहे, दुसऱ्यात खोटं आमंत्रण.

एखाद्या कॉलला मनू पडद्याकडे बघणार नाही, पाठ फिरवून निघून जाईल. मावशींना ते फार लागतं, आणि पालकांना वाटतं, चला, विसरली. दोन्ही अर्थ घाईचे आहेत. याच जेम्स रॉबर्टसन आणि मानसोपचारतज्ज्ञ जॉन बोल्बी यांनी १९५०च्या दशकात, रुग्णालयात आईवडिलांपासून दूर राहिलेल्या मुलांचं निरीक्षण करून एक क्रम मांडला: आधी आक्रोश, मग उदासी, मग अलिप्तपणा. मनूचा प्रसंग त्याहून पुष्कळ सौम्य आहे, पण पाठ फिरवण्याचा अर्थ तिथूनच समजतो. माणूस दिसतं पण हाताला लागत नाही, तेव्हा मूल बघणंच सोडतं. पुन्हा बोलावू नका, ओढून समोर बसवू नका. तुम्ही मावशींशी दोन मिनिटं बोला, मनूला खोलीतून ऐकू येऊ दे, आणि कॉल संपवा. नंतर मावशींना कळवा की ती तुमचा आवाज ऐकत होती.

पहिल्या महिन्यात झोप बिघडणं, सुटलेला डायपर परत लागणं, तुम्हालाच ‘मावशी’ म्हणून हाक मारणं हे होतं आणि हळूहळू ओसरतं. हाक चुकली तर दुरुस्त करू नका, ओ द्या. नवीन सांभाळणारी बाई ठेवाल तेव्हा मात्र तिला ‘मावशी’ म्हणायला लावू नका, वेगळी हाक ठरवा. खाणं इतकं कमी झालं की वजन उतरायला लागलं, येत असलेले शब्द गेले, खेळण्यातलं मनच उडालं, किंवा लागलं-पडलं तरी ती कोणाकडेच येईनाशी झाली, तर महिना पुरा व्हायची वाट न बघता बालरोगतज्ज्ञांना दाखवा. नुसती चिडचिड आणि चिकटून राहणं सहा आठवड्यांनंतरही तसंच असेल तर बालमानसतज्ज्ञांशी बोला.

पोहोचल्याच्या दिवशीचा मेसेज छोटा ठेवा. मनू रात्रभर रडली असेल तर तो तपशील त्यांना त्या दिवशी देऊ नका, त्यांना इथे येऊन तिला उचलता येणार नाही. पण खोटंही लिहू नका.

> मावशी, सुखरूप पोहोचलो. दुपारी झोपताना तिने तुमची आठवण काढली. तुम्ही दाखवलंत तसं कमरेवर थोपटलं, वीस मिनिटांत झोप लागली. ओढणी उशाशी आहे. बुधवारी संध्याकाळी सहाला फोन करू का? जमत नसेल तर तुमची सोयीची वेळ सांगा.